रविवारचा सात ते आठ

आमचे आजोबा मेंढरांभोवती जाळी लावायचे, मी त्याच रानात, रांजणगावच्या रस्त्याला, खेळणाऱ्यांभोवती लावली. हिरवं गवत, चार खांबांवर दिवे, की झालं बॉक्स क्रिकेटचं टर्फ. दर फाटकावरच लिहिलेत: सोमवार ते शुक्रवार दुपारी चारपर्यंत तासाला पाचशे, संध्याकाळी सहानंतर हजार, रविवारी संध्याकाळी बाराशे. निम्मे पैसे आगाऊ भरले की तास तुमचा. हा नियम मीच केला आणि मीच मोडला.

कारखान्यातली कंत्राटी पोरं माझी जुनी गिऱ्हाइकं. दुसरी पाळी असली की कामावर जायच्या आधी, सकाळी अकराला, सवलतीत खेळायची. त्यांनी एकदा रविवारचा सात ते आठ घेतला. एवढा महाग कशाला, म्हणून मी चिडवलं. त्यांच्यातला उंच फलंदाज एवढंच म्हणाला, "शेवटची म्याच हाय, आप्पा." नोकरी सोडत असेल, असं मला वाटलं.

रविवारी दुपारी एका कंपनीच्या साहेबांचा फोन आला. सहा ते नऊ सलग हवं, पूर्ण पैसे आत्ताच. हाव सुटली मला. मी पोरांना फोन लावला आणि मंगळवारी अकराचा तास दिला.

"आप्पा, पण मंगळवारी..."

"अरे, पाचशेत मिळतंय, वरचे परत देतो!" म्हणून मी फोन ठेवला. वर उपकार केल्याचा रुबाब!

सोमवारी पाळी बदलते, हे या रस्त्यावरचं शेंबडं पोरही सांगेल. त्या आठवड्यात त्यांची पहिली पाळी, सात ते तीन. खेळायला सुट्टी कुणालाच मिळाली नाही. मंगळवारी अकराला तो उंच पोरगा एकटाच लंगडत आला.

"बाकीचे?"

"कामावर हायेत. मी रजेवर हाय." मग पायाकडं बघत म्हणाला, "हाडात गाठ हाय. उद्या पुण्याला पाय गुडघ्याखालून काढणार हायेत. डाक्टर म्हणले पळू नको. उभ्यानं खेळतो."

मला लाज वाटली, आजही वाटते. त्या भर उन्हात मीच तासभर त्याला चेंडू टाकले. धड टप्पा पडत नव्हता, तरी तो प्रत्येक चेंडू मन लावून खेळला. टाळी वाजवायला कुणी नव्हतं. बारा वाजले. पुढं दिवसभर टर्फ रिकामं होतं, म्हणून मी म्हणालो, "खेळ रं अजून."

"नगं आप्पा. तास संपला."

आता ती पोरं फक्त रविवारी येतात, बाराशे देऊन. तो जाळीबाहेर खुर्चीवर बसून धावा लिहितो. बुकिंगचा फोनही तोच करतो. सगळे पैसे आगाऊ पाठवतो, मी नको म्हटलं तरी, आणि दर वेळी विचारतो, "ह्यो तास हलणार न्हाई ना, आप्पा?"