तिचं सीताफळ आणि माझं पथ्य

आमच्या आदिलाबादकडे कापूस फुटायला लागला की जंगलातली सीताफळं बाजारात येतात. लग्नानंतरच्या पहिल्या सालातली बायको मला अजून तशीच दिसते. वावराच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर बसलेली, मांडीत सीताफळं, आणि बी लांब कोण थुंकतो याची माझ्याशी पैज. बहुतेक तीच जिंकायची. मी म्हणायचो वारा तुझ्याकडून होता. ती हसायची, ते हसू धुऱ्याच्या पल्याड ऐकू जायचं.

म्हातारपणी तिला हाडातल्या मगजाचा रोग निघाला. नागपूरच्या दवाखान्यात तिच्याच रक्तातल्या मूळपेशी काढून ठेवल्या, जहाल औषध दिलं आणि त्या पेशी परत अंगात सोडल्या. मधल्या काळात तिच्या पांढऱ्या पेशी पार खाली गेल्या. तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या रोग्याच्या भावानं मला बजावलं, "काका, कच्चं काहीच नाही. फळ नाही, ताक नाही. सगळं उकडून." मी ते गाठीला बांधलं. मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस, पण एकदा धरलं की सोडत नाही.

घरी लेक आणि सून दोघंही नोकरीवर. स्वयंपाक मी हाती घेतला. सकाळीच कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या काढून भात, वरण, भाजी करायचो आणि भांड्यांवर फडकं टाकून ठेवायचो. तेच दुपारी, तेच संध्याकाळी. फळ बंद. एकदा सफरचंद उकडून दिलं. तिनं चमच्यानं ढवळून पाह्यलं.

"हे काय आहे?"

"सफरचंद."

"याले काऊन मारलं?"

तिचं खाणं कमी होत गेलं. बांगड्या कोपराकडे सरकू लागल्या. बाजारात सीताफळं आली तशी ती रोज मागू लागली.

"अवो, अर्धंच द्या ना."

"नाही म्हंजे नाही. पथ्य आहे."

"रोगानं नाही गेली, तुमच्या उकडलेल्यानं जाईन."

तपासणीला नागपूरला गेलो तेव्हा वजनकाट्यावर तिचं वजन बरंच उतरलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, पेशी चांगल्या वर आल्या, पण ही अशीच उतरत राह्यली तर अवघड आहे. त्यांनी आहाराच्या मॅडमकडे पाठवलं. तरणी पोरगी, पण बोलणं ठाम. मी छाती काढून सगळं पथ्य सांगितलं.

"बाबाजी, भात कधी शिजवता?"

"सकाळी."

"आणि संध्याकाळी कोणता देता?"

"तोच. झाकून ठेवतो."

"म्हणजे धुतलेलं फळ बंद, आणि दिवसभर बाहेर राह्यलेला भात चालू?"

बायको तिकडे तोंडाला पदर लावून बसली होती. मला तिचे खांदे हलताना दिसले.

मॅडमनं एक टिपण लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. कच्चं पूर्ण बंद केलेले रोगी आणि नुसती स्वच्छता पाळणारे रोगी यांची तुलना झालेली आहे. बंदीमुळे संसर्ग कमी होतो असं त्यातून स्पष्ट दिसलेलं नाही. पण अभ्यास फार मोठे नाहीत, सगळ्यांचे निकाल सारखे नाहीत, म्हणून शंका पुरती मिटलेली नाही. यांचं वजन उतरतंय ही मात्र नक्की गोष्ट. म्हणून पूर्ण बंदी नको. न तापवलेलं दूध, कच्ची मोड आलेली मटकी, अर्धकच्चं अंडं, रस्त्यावरची चटणी नको. अन्न गरम गरम खावं, उरलं तर लवकर फ्रिजमध्ये. हात धुवावेत. फळ न फुटलेलं, वाहत्या पाण्यात धुतलेलं चालेल.

"म्हंजे तुमालेच पक्कं माहीत नाही," मी म्हणालो.

"जे पक्कं नाही ते पक्कं कसं लिहू, बाबाजी?"

जन्मभर मी कचेरीतले कागद पाह्यले. 'मला माहीत नाही' असं लिहिलेला कागद हा पहिलाच. म्हणून मी तो मानला. त्या पोरीनं सांगितलं म्हणून नाही.

बाजारात मी एकेक सीताफळ हातात फिरवून पाह्यलं. विकणारी वैतागली, "आजोबा, सोयरीक जमवता का?" पिकून उकललेली सगळी बाजूला सारली, कडक तेवढी घेतली. घरी अढी घातली. ज्या दिवशी एक मऊ झालं, पण अजून तडकलं नव्हतं, त्याच दिवशी काढलं, नळाखाली घासून धुतलं आणि तिला साबणानं हात धुवायला लावले.

"पूजेले बसवता का मले?"

मग खायला लागली. बिया एकेक करून ताटलीत काढत होती. सगळं संपवून म्हणाली, "आता भूक लागली. भाकर टाका."

"सकाळची आहे ना."

ती नुसती पाह्यत राह्यली. मी उठलो आणि परातीत पीठ घेतलं.