धुण्याचं पाणी आणि धुरपदाबाईची लिंबं

धुरपदाबाईने खुरपं मारलं आणि खुरपं मातीत शिरलंच नाही. कागदी लिंबाच्या आळ्यात काळी माती तव्यावरच्या भाकरीसारखी टणक झाली होती, वर पांढरट थर. पानांच्या कडा जळल्या होत्या. तिने थराचा एक तुकडा उचलला आणि जिभेला लावला. बुळबुळीत, खारट. तिची कानशिलं तापली.

धुळ्यात देवपूरला जिनिंगवाल्या शेटच्या बंगल्याची बाग ती नऊ वर्षं सांभाळत होती. १९५८च्या उन्हाळ्यात विहीर तळाला गेली, आणि त्याच वर्षी शेटने मुंबईहून कपडे धुण्याचं मशीन आणलं. शेटच्या सूनबाई सुनंदाबाई ते चालवत. मोठं गोल पिंप, वर पिळायचे दोन रूळ, खाली पाणी सोडायची नळी. एका धुण्याचं पाणी सहा-सात घागरी. ते गटारात जाताना पाहून धुरपदाबाईचा जीव जळायचा.

तिनेच जिनमधल्या फिटर छगनच्या मागे लागून भिंतीला भोक पाडून घेतलं. नळी बाहेरच्या टाकीत आणली. नळीच्या तोंडाला धोतराच्या कापडाची पिशवी, सुताचा तंतू अडवायला. टाकीत खाली दगड, वर खडी, त्यावर वाळू. खालून पाणी चरीने लिंबाला आणि केळीला. पालेभाजीला ते द्यायचं नाही आणि रात्रभर साठवायचं नाही, सडून वास मारतं, हे तिचं तिनेच ठरवलं. पिशवी ती रोज धुवायची, वाळूचा वरचा थर आठवड्याला खरवडायची. साबणाच्या किसाने विहिरीच्या जड पाण्यात चिकट साय धरायची, तीच वाळूवर बसायची. पण झाडं हिरवीगार होती.

मग ती नातीच्या बारशाला चार दिवस धरणगावला गेली. परत आली ती या मातीवर.

ती मागच्या पडवीत पोचली तोवर सुनंदाबाई वाटच पाहत होत्या.

"अक्का, बघा तुमचा उद्योग! टाकी तुंबली, पाणी उलटं फिरलं आणि ज्वारीचं पोतं भिजलं. पिशवी धुवायला कुणी नव्हतं. आजच छगनला सांगते, नळी गटारात सोड."

पिशवीचा दोष तिचा होता. ते तिला कबूल होतं. कोणाला तरी सांगून जायला हवं होतं. पण तिने हातातलं ढेकूळ पडवीच्या फरशीवर आपटलं. ते फुटलं नाही, नुसतं वाजलं.

"दखा, बाई. हाई माटी नही, पापड शे. चार दिनमा पोतं भिजस, पन माटी चार दिनमा मरत नही. मशीनमा काय टाकतास?"

सुनंदाबाईंनी ढेकळाकडे पाहिलं. "किसाने पाण्यावर साय धरते, कपडे पांढरे निघत नाहीत. म्हणून महिन्याभरापासून धुण्याचा सोडा आणि ती टाकणखाराची पूड टाकते. त्याचं काय?"

"काय म्हंजे! महिनाभर मना झाडस्ले सोडा पाजा, माले सांगं नही, आनि आते नळी गटारले? माले कामवरतून काढा, पन हाई पाप मना माथे नको!"

तिचा आवाज एवढा चढला की छगन जिनकडे जायचा तो थांबला. तो मध्ये पडला नाही. टाकीतली वाळू त्याने हाताने उपसून आणली आणि दोघींपुढे ठेवली. तंतू आणि साबणाची साय मिळून तिचा चामड्यासारखा गठ्ठा झाला होता.

"टाकी या सायीनं तुंबली," तो म्हणाला. "यात दोघींचंही चुकलं. टाकीला वर जास्तीच्या पाण्याची वाट मी ठेवली नाही, ते माझं. पण माती सोड्यानेच बसली. काळ्या मातीला सोडा लागला की पाणी आत उतरतच नाही. रोज ओली होती तोवर दिसलं नाही, चार दिवस सुकली आणि थर वर आला."

सुनंदाबाईंनी ढेकूळ उचलून पाण्याच्या लोट्यात टाकलं. ते विरघळून पाणी गढूळ झालं आणि तसंच राहिलं. साध्या मातीचा बसतो तसा गाळ खाली बसेना. त्यांचा चेहरा उतरला, पण माफीचा शब्द तोंडून निघाला नाही. "सोडा फक्त पहिल्या पाण्यात टाकेन," एवढंच म्हणाल्या. "ते पाणी गटारात. खंगाळायचं तुम्ही घ्या. टाकणखार बंद."

"आनि सोडा टाका तवय माले सांगा."

"सांगेन."

धुरपदाबाईचा राग ओसरला नाही. तिने टाकी रिकामी केली, खडी-वाळू धुऊन भरली, छगनकडून वरच्या कडेला जादा पाण्याची वाट काढून घेतली. आळ्यांतली माती टिकावाने फोडली, शेतकी खात्याच्या माणसाने सांगितलेला जिप्सम आणि कुजलेलं शेण त्यात मिसळलं. पांझरा नदीतून गाडीवर पाणी आणवून आळी दोनदा धुऊन काढली. शेजारच्या बाया हसल्या, तिने मान वर केली नाही.

केळी तगली. पाच लिंबांपैकी दोन गेली. मुळं सुटल्यावर तिने ती स्वतः उपटली, छगनला हात लावू दिला नाही. तिसऱ्याचा अर्धा भाग वाळला, अर्ध्यावर पावसाळ्यानंतर कोंब आले.

सुनंदाबाई आता सोड्याच्या दिवशी खिडकीतून हाक मारून सांगत. धुरपदाबाई हातातलं काम तसंच टाकून नळी गटाराकडे वळवायला जाई, पण त्यांच्याकडे बघत नसे.