यादीतली शेवटची ओळ

आमच्या खरेदी विभागातल्या ताईंची आई गेल्याचा फोन आला तेव्हा त्या ऑफिसातच होत्या. रडल्या नाहीत. साहेबांना मेल लिहिला, "रजा लगेच मंजूर केलीत, आभारी आहे. राहिलेल्या कामांची यादी जोडते." मग रोजच्या यादीतली कामं जशीच्या तशी उचलून, त्यांच्या रजेत ती मी बघणार म्हणून, मलाही पाठवली: कागदाची ऑर्डर, पुरवठादाराचं उत्तर गुरुवारपर्यंत, खुर्च्यांचे नमुने, फाईल डाव्या कपाटात.

शेवटच्या ओळीवर मी अडखळलो. "दुपारी एक, आईला फोन, गोळीची आठवण."

"ताई, ही ओळ..."

"बघतोस काय? ते तुझं काम नाही," त्या खेकसल्या.

ओळ त्यांनी खोडली नाही. पुढच्या रकान्यात 'बाकी' होतं, तिथे 'पूर्ण' लिहिलं आणि पर्स उचलली.