बाबांना सांगू नकोस

सासुरवाडीची माणसं त्याला शंकासूर म्हणायची, आणि तेही तोंडावर. त्याला त्याचं वाईट वाटत नसे; आपल्या हुशारीला कुणीतरी नाव दिलं, अशीच त्याची समजूत होती. तो विमा कंपनीचा सर्वेयर. दुकान जळलं, गाडी पाण्यात बुडाली, गोदामातला माल गेला, की हा जागेवर जाऊन नेमकं काय झालं ते तपासायचा. समोरचा माणूस रडत असला तरी आधी प्रश्न आणि मग सांत्वन, असा त्याचा क्रम. तो कामापुरता ठेवला असता तर कुणाची काही तक्रार नव्हती. पण मेहुणीचा मिक्सर जळाला तेव्हाही याने आधी, तो शेवटचा कुणी वापरला, हेच विचारलं होतं.

त्याची चौदा वर्षांची लेक जलतरण अकादमीत पोहायची. पहाटे उठायला कटकट नाही, अभ्यासाची बोंब नाही, पाण्यात सोडली की खूश. त्या वर्षी रिलेची टीम निवडायची होती. शंभर मीटरच्या चाचणीत ज्या चौघींची वेळ सगळ्यात चांगली येईल त्या टीममध्ये, असं मुख्य प्रशिक्षकांनी, म्हणजे सरांनी, सीझनच्या सुरुवातीला पालकांच्या बैठकीत सांगितलं होतं. लेक तिसरी आली. दोन दिवसांनी यादी लागली तेव्हा तिचं नाव त्यात नव्हतं. सहावी आलेली मुलगी आत आणि ही बाहेर.

ती घरी आली, बॅग दाराशी टाकली आणि एका वाक्यात हे सगळं सांगितलं. बापाने जेवणाचं ताट बाजूला सरकवलं आणि विचारलं, "तू काय केलं होतंस?"

मग उशिरा गेली होतीस का, उलट बोललीस का, वेळा कुणी लिहून घेतल्या, असे आणखी प्रश्न आले. त्यातला शेवटचा प्रश्न खरोखर कामाचा होता, पण तोवर पोरगी आतल्या खोलीत गेलेली. बायको म्हणाली, "अरे, तुझं ऑफिस जरा चपलांबरोबर बाहेर काढून येत जा." तो म्हणाला, मी फक्त विचारलं. फक्त विचारणाऱ्या माणसाचा समोरच्याला किती जाच होतो, हे विचारणाऱ्याला कधी कळत नाही.

दुसऱ्या दिवशी तो स्वतः तलावावर गेला. सर दारातच भेटले. अतिशय गोड माणूस. लेकीची तोंडभरून स्तुती केली, गुणी आहे म्हणाले, फक्त स्वभाव टीमला पूरक नाही, आणि शेवटी निवड हा प्रशिक्षकाचा अधिकार असतो. हा मुद्दा बैठकीत निघाला नव्हता, एवढं याच्या लक्षात आलं. वर पालकांना बसायची गॅलरी होती, तिला कुलूप. का, तर मुलींचं लक्ष विचलित होतं. कधीपासून, तर सीझन सुरू झाल्यापासून. शंकासुराच्या नाकाला वास आला. आग लागायच्या आठवडाभर आधी दुकानदाराने कॅमेरा दुरुस्तीला दिलेला असला की त्याला असाच वास यायचा.

मग त्याला दिसलं ते असं: पालक जवळ असले की सर 'बेटा' म्हणत. पालक फाटकाबाहेर गेले की आतून नुसती शिट्टी आणि आरडाओरडा ऐकू येई, शब्द कळत नसत. बाहेर येणाऱ्या मुली एकमेकींशी बोलत नसत. ओल्या केसांनी आपापल्या गाडीत बसून जात.

इतर पालकांनाही काहीतरी शिजतंय असं वाटत होतंच. सरांना वगळून एक ग्रुप निघाला. त्यातल्या दातांच्या डॉक्टरबाईंनी अकादमीच्या तक्रार समितीसाठी एक पत्र लिहिलं, भारदस्त. 'अत्यंत अपमानास्पद व मुलींचे मनोधैर्य खच्ची करणारी भाषा' वगैरे. सगळ्यांनी तेच पत्र उचललं, खाली आपापलं नाव घातलं आणि पाठवून दिलं. याने तेवढं पाठवलं नाही. ग्रुपवर लिहिलं की असे सात कागद माझ्या टेबलावर आले असते तर मी सातही बाजूला ठेवले असते.

झालं, हा सरांचा माणूस ठरला. त्यात दोन दिवसांनी सरांनी फाटकापाशी हसत हसत विचारलं, "पत्रं-बित्रं लिहिताय म्हणे?" बातमी कुणीतरी पोचवली होती. सगळ्यांच्या नजरा याच्याकडे वळल्या. आयुष्यभर लोकांवर संशय घेतलेल्या माणसाला आपल्यावर कुणी संशय घेतला की कसं वाटतं ते पहिल्यांदाच कळलं, आणि त्याला ते मुळीच आवडलं नाही. बातमी कुणी फोडली ते शेवटपर्यंत समजलं नाही. त्याने मनातल्या मनात तिघांवर ठपका ठेवला होता, आणि ते तिघंही बहुधा निर्दोष असावेत.

समितीने पत्रं परत पाठवली. सगळ्यांचा मजकूर एकच आहे, आणि सर नेमकं काय बोलले, कुणाला, कधी, कुणासमोर, हे एकातही नाही, असं उत्तर आलं. तेव्हा डॉक्टरबाईंनीच त्याला फोन केला. आवाज पडलेला. आता काय करायचं म्हणाल्या.

त्याने सांगितलं ते सोपं होतं, पण करायला जड. प्रत्येकाने वेगळं लिहायचं आणि एकमेकांचं वाचायचं नाही. आपण स्वतः ऐकलं ते एकीकडे, मुलीने सांगितलं ते दुसरीकडे. मुलीने ते केव्हा सांगितलं तेही. 'अपमान केला' असं नाही, तर सरांच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे, शिवी असली तरी. तेव्हा कोण कुठे उभं होतं. आठवत नसेल तर आठवत नाही असंच लिहायचं. मुलींनीही आपलं आपण लिहायचं, त्यांना पढवायचं नाही, त्यांच्या तोंडात शब्द घालायचे नाहीत. लपवून रेकॉर्डिंग करायला पोरींना फोन देऊन कपडे बदलायच्या खोलीकडे पाठवायचं तर अजिबात नाही. त्याने आपलीच बाजू बुडेल. ग्रुपवरचे मेसेज पुसायचे नाहीत. आणि निवडीचा निकष काय होता, हे अकादमीला लेखी विचारायचं, तलावावरच्या कॅमेऱ्याचं चित्रण जपून ठेवा असंही लेखी कळवायचं, कारण ते काही दिवसांनी आपोआप पुसलं जातं. त्या चित्रणात आवाज नसतो, पण कोण कुठे होतं ते कळतं.

लोक कामाला लागले. एका वडिलांनी जुन्या मेसेजचा फोटो शोधून काढला. चाचणीच्या सकाळी सरांनीच सगळ्यांच्या वेळा अकादमीच्या ग्रुपवर टाकल्या होत्या आणि दुपारी पुसल्या होत्या. पण या वडिलांनी मुलीच्या आजीला दाखवायला त्याचा फोटो आधीच काढून ठेवला होता. तिसऱ्या क्रमांकावर याच्या लेकीचं नाव, समोर वेळ. पुराव्यापुरतं निवडीचं कोडं तिथे सुटलं.

सुटलं नाही ते घरातलं. सगळ्या मुलींनी पानपानभर लिहिलं आणि याच्या लेकीने दोन ओळी. सर ओरडतात. मला वाईट वाटतं. दुसऱ्यांच्या जबान्या सरळ करून देणारा बाप स्वतःच्या लेकीकडून तिसरी ओळ काढू शकत नव्हता. तिला काही विचारायला तोंड उघडलं की ती दप्तर आवरायला लागायची.

बायको म्हणाली, "माझ्या बहिणीला विचार."

मेहुणी दुसऱ्या गावी नर्स होती. ड्यूटीवर फोन घेता येत नाही, म्हणून मावशी-भाचीचं सगळं बोलणं आवाजी निरोपांवर चालायचं. लेक पोहून बाहेर आली की केस पुसता पुसता बोलून ठेवायची आणि मावशी चहाच्या सुट्टीत ऐकायची. मेहुणीने फोनवर ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आहे माझ्याकडे सगळं. पण तिला विचारल्याशिवाय तुम्हाला एक शब्द मिळणार नाही, भाऊजी." याला राग आला. मग लेकीने हो म्हटलं, तेव्हा राग गिळून तो स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर फोन कानाला लावून बसला.

सुरुवातीच्या निरोपांत ती हसत होती. सरांची नक्कल करून दाखवत होती. "आज मला म्हैस म्हणाले. म्हणाले, म्हैस डुंबते, तू पोहतेस कुठे." पुढे हसणं कमी होत गेलं. एका निरोपात, सगळ्यात लहान मुलीला सरांनी काठावर उभं करून इतर मुलींना तिचं पोट बघायला लावलं, आणि ही म्हणाली, सर, असं बोलू नका. त्यानंतर सर हिच्याशी बोलायचेच बंद झाले. सराव सांगताना हिची लेन सोडून पुढे जायचे. हे सगळं चाचणीच्या आधीचं होतं. निरोपांवर तारीख-वेळ आपोआप पडलेली, सराव सुटल्यावर लगेचची. सर्वेयरला याहून पक्कं काही मिळणार नव्हतं.

आणि यादी लागली त्या दिवशीचा निरोप. "मावशी, माझं नाव नाही. बाबांना सांगू नकोस हं मी रडले ते. ते आधी मीच काय केलं ते विचारतात. सर पण तसंच करतात."

त्याने ते पुन्हा ऐकलं. शरम वाटली, आणि त्या पाठोपाठ विचार आला की एवढं वाक्य कापता येईल. समितीला त्याचा काय उपयोग? मेहुणीने त्याचा चेहरा न बघताच ओळखलं असावं, कारण तिचा मेसेज आला की काही कापू नका. कापलेल्या पुराव्यावर पहिला प्रश्न कोणता येतो हे तर त्यालाच सगळ्यात जास्त ठाऊक होतं. पण त्याने वाक्य ठेवलं ते त्यासाठी नाही. ते खरं होतं म्हणून ठेवलं.

सुनावणीच्या वेळी मुलीसोबत एक मोठं माणूस बसू शकतं, कोण हवं ते तिने सांगावं, असं समितीच्या बाईंनी कळवलं. लेकीने मावशी म्हटलं. मेहुणी रजा काढून आली. तो बाहेर बाकावर बसला. समोरच्या बाकावर सर होते. ते जरा पुढे झुकून म्हणाले की तुम्ही तरी समजूतदार दिसता, ह्या वयात पोरी तिखटमीठ लावून सांगतात, तुम्हाला माहीत असेलच. त्याला माहीत होतं. लोक तिखटमीठ लावून सांगतात यावर तर त्याचं घर चालत होतं. तो उठला आणि भिंतीला टेकून उभा राहिला.

मग त्याला आत बोलावलं, मेहुणीकडचे निरोप समितीपर्यंत कसे पोचवले ते विचारायला. त्याने सगळं नीट सांगितलं. शेवटी बाईंनी कागदावरून मान वर केली. "ती तुम्हाला का सांगत नव्हती?"

लेक समोर बसली होती. ती टेबलाकडे बघत होती.

"कारण तिने पहिल्यांदा सांगितलं तेव्हा मी तिच्यावरच शंका घेतली," तो म्हणाला. "तिचं काही चुकलं नव्हतं."

समितीने सरांना मुलींच्या सरावावरून काढलं. गॅलरीचं कुलूप निघालं. निवड रद्द झाली आणि चाचणी नव्याने ठरली, बाहेरचे वेळ मोजणारे बोलावून, प्रत्येक लेनला दोन घड्याळं. पालकांच्या ग्रुपवर पेढ्याची चित्रं पडली.

चाचणीला तो गॅलरीत बसला. लेकीने उडी बरी मारली. पण मधले कितीतरी दिवस ती तलावावर गेलीच नव्हती, आणि शेवटच्या लांबीत हात जड झाले. ती ओल्या केसांनी जिना चढून त्याच्याजवळ आली आणि शेजारी बसली.

"पाचवी," ती म्हणाली.

दोन घड्याळांतला फरक, पाण्यातली भिंत कुणी आधी शिवली, शेजारच्या लेनमधली लाट, सगळं त्याच्या जिभेच्या टोकावर आलं. लेक वाट बघत होती, हे त्याला दिसलं.

"बरं," तो म्हणाला.

"खरंच पाचवी आले, बाबा. मला आत असतानाच कळलं होतं." आणि मग ती त्याच्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागली, तिथेच, सगळ्यांच्या समोर. त्याचा शर्ट ओला झाला आणि त्याने काहीही विचारलं नाही.