बयनाबाईंचा दीड किलो शिधा

शाळेतल्या बयनाबाई पहिल्यांदाच बारा मुलींना तीन दिवसांच्या जंगलवाटेवर नेत होत्या. एक जरी आजारी पडली, तरी पुन्हा मुलींना कुणी पाठवणार नव्हतं. उन्हाळ्यात जंगलात चूल पेटवायला मनाई, आणि ओझं मुलींच्याच पाठीवर. म्हणून बाईंनी प्रत्येकीला दीड किलो कोरडा शिधा तोलून दिला: भाजलेलं ज्वारी-डाळव्याचं पीठ, शेंगदाणे, गूळ.

"पोरी काय पोपट हायेत, बाई?" सोबतचे सुधाकरराव मास्तर उद्यासाठी बटाट्याच्या भाजीचा मोठा डबा घेऊन आले होते.

"उद्यापर्यंत आंबंल ती, मास्तर. आजच वाटा."

दुपारीच डबा रिकामा झाला. तिसऱ्या दिवशी बाराही मुली ठणठणीत वाटेच्या शेवटच्या, कुंटाला नावाच्या धबधब्याशी पोचल्या. मास्तरांनी गोळी टाकून शुद्ध केलेल्या पाण्यात पीठ-गूळ कालवलं आणि विचारलं, "बाई, पुढल्या साली कुठं नेता?"