सैल पाटल्या आणि पोटेन्शिओमीटर

माझ्या हातात पाटल्या चढल्या त्या इंटर सायन्सच्या प्रॅक्टिकलला आठवडा उरला असताना. स्थळ सदलग्याचं होतं. मुलगा कोल्हापुरात फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेला आणि हायस्कुलात शिकवायला लागलेला. साखरपुड्याला होणाऱ्या सासूबाईंनी स्वतःच्या हातातल्या पाटल्या काढून माझ्या हातात घातल्या आणि बजावलं, "आता ह्या काढायच्या न्हाईत गं. अपशकुन हुतो." त्यांचा हात भरलेला, माझा काटकीसारखा. पाटल्या मनगटावरून कोपरापर्यंत खुशाल फिरायच्या.

त्याच बैठकीत आमच्या आप्पांनी एक अट घातली होती. बोरगावातला तंबाखू पिकवणारा माणूस, पण बोलण्यात पक्का. म्हणाले, "पोरीला डाक्तरीला जाण्याइतकं मार्क पडलं तर लगीन थांबवायचं. न्हाय पडलं तर फुडच्या वैशाखात अक्षता." मुलाच्या वडिलांनी हसत हसत व्हय म्हटलं. ते हसणं मला झोंबलं. पोरीच्या जातीला कुठले तेवढे मार्क पडणार, असा त्याचा सरळ अर्थ होता. मुलगा मात्र हसला नाही. जाताना पडवीत त्यानं मला हळूच विचारलं, "डॉक्टर झालीस तर दवाखाना सदलग्यातच काढशील काय?" मला तो आवडला. उगाच आढेवेढे कशाला घेऊ, चांगलाच आवडला.

तर असं सगळं त्या परीक्षेवर टांगलेलं होतं. आणि प्रॅक्टिकलमध्ये जो नापास, तो सगळ्यातच नापास, असा तेव्हाचा खाक्या होता.

बेळगावच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, खिडक्यांतून थेट कंग्राळीकडची शेतं दिसायची. लढाईचे दिवस असल्यामुळे नवं सामान येत नव्हतं, होतं ते पुरवून वापरायचं. वर्गात मी धरून दोन मुली. पोटेन्शिओमीटर हा आमच्या सरांचा लाडका प्रयोग. लाकडी फळीवर शेजारी शेजारी ताणलेल्या दहा उघड्या तारा, टोकाला एकमेकींना जोडलेल्या, म्हणजे खरं तर नागमोडी गेलेली एकच दहा मीटरची तार. तिच्यातून भरून वापरायच्या बॅटरीचा, म्हणजे अ‍ॅक्युम्युलेटरचा प्रवाह सोडला की तारेच्या लांबीबरोबर विजेचा दाब सारखा वाढत जातो. मग ज्या सेलचं बळ मोजायचं तो गॅल्व्हानोमीटरमधून, म्हणजे बारीकसा प्रवाहही काट्यानं दाखवणाऱ्या यंत्रातून, त्याच तारेला लावायचा आणि जॉकी नावाची धातूची टोकदार कांडी तारेवर टेकवत टेकवत अशी जागा शोधायची, जिथं काटा हलतच नाही. तिथं तारेचा दाब आणि सेलचं बळ सारखं. डॅनियल आणि लेक्लांशे अशा दोन जातींच्या सेलच्या अशा दोन लांब्या काढल्या की त्यांचं गुणोत्तर तेच सेलच्या बळांचं गुणोत्तर.

मी एकदा फटकन विचारलं होतं, "सर, एवढा खटाटोप कशाला? व्होल्टमीटर लावला की आकडा दिसतोच की."

सर आमच्या निपाणीकडचेच. म्हणाले, "तुमच्याकडं तंबाखूच्या बाजारात दलाल येतो. वजन करायच्या आधी बोदातली, म्हणजे तंबाखूच्या गठ्ठ्यातली, मूठभर वानगी नमुना म्हणून काढून घेतो. मग उरलेल्याचं वजन करून सांगतो, एवढा तुझा माल. व्होल्टमीटर तसला आहे बघ. काटा हलवायला तो सेलमधूनच थोडा प्रवाह घेतो. तो प्रवाह सेलच्या आतल्या रोधातून जाताना थोडं बळ आतच खर्ची पडतं. उरलेलं तेवढं तो दाखवतो. पोटेन्शिओमीटरवर काटा शून्यावर असतो, तेव्हा सेलमधून काहीच जात नसतं. म्हणून सेलचं पुरतं बळ कळतं."

आप्पा त्या वानगीवरून दरसाल दलालाशी भांडायचे. मला पुन्हा कधी ते समजावून सांगावं लागलं नाही.

सरांचा राग मात्र चुकांवर. जॉकी तारेवर घासत नेली की ते लांबून ओरडायचे, कारण घासून तार जागोजागी बारीक होते आणि मग लांबी आणि दाब यांचा मेळ बसत नाही. जॉकी दाबून धरून बसलं तरी ओरडायचे, लेक्लांशे सेल थोडा वेळ प्रवाह दिला तरी दमतो, त्याचं बळ उतरतं. अ‍ॅक्युम्युलेटरची कळ विनाकारण चालू ठेवली तर तोही उतरत जातो, तार तापते, आणि पहिल्या सेलला लावलेलं माप दुसऱ्याला लागू पडत नाही. म्हणून एक सेल, मग दुसरा, मग पुन्हा पहिला, असं मोजायचं. सगळी धन टोकं तारेच्या एकाच टोकाला जोडायची. ते चुकलं किंवा अ‍ॅक्युम्युलेटरच सेलपेक्षा कमी बळाचा असला, तर काटा तारेच्या दोन्ही टोकांना एकाच बाजूला पळतो, शून्य सापडतच नाही. हे सगळं मला तोंडपाठ होतं. त्या खोलीत मी कितीदा तरी हा प्रयोग केला होता, हातात काचेच्या बांगड्या घालून.

परीक्षेला तोच प्रयोग आला. चिठ्ठी वाचून मला हायसं वाटलं. परीक्षक पुण्याहून आलेले, चेहऱ्यावरची रेघही न हलवणारे. माझ्या शेजारच्या टेबलावर नेमका त्या सदलग्याच्या मुलाचा चुलतभाऊ होता, तोही इंटरलाच होता.

जोडणी केली. दोन टोकांना काटा दोन बाजूंना गेला, म्हणजे सगळं नीट. डॅनियल सेल लावला, शून्य सहाव्या तारेवर सापडलं. खात्रीसाठी पुन्हा बघितलं तर ते पाचव्या तारेवर गेलेलं. पुन्हा टेकवलं, सहाव्यावर. लेक्लांशेचं तेच, आठव्यावरून सातव्यावर उडी. मी जोडण्या घट्ट केल्या, तारांची टोकं पॉलिश-कागदानं घासली, अ‍ॅक्युम्युलेटरला मनातल्या मनात शिव्या दिल्या. घाम फुटला. माझा स्वभाव तापट, जॉकी खिडकीतून कंग्राळीच्या शेतात भिरकावून द्यावी असं वाटलं. वैशाख डोळ्यांपुढं नाचायला लागला. शेजारचा चुलतभाऊ अधूनमधून माझ्याकडं बघत होता.

पुस्तकातलं गुणोत्तर सगळ्यांनाच ठाऊक असायचं. त्याला जुळतील अशा लांब्या लिहून मोकळं होणारे होतेच. मला ते जमलं नसतं. थोरपणा म्हणून नव्हे, परीक्षकानं येऊन "दाखव" म्हटलं असतं तर काय दाखवणार होते?

मी जॉकी खाली ठेवली आणि विचार केला. अ‍ॅक्युम्युलेटर उतरत असता तर लांबी दर वेळी वाढतच गेली असती. इथं ती एकदम कमी व्हायची आणि पुन्हा पहिल्या जागी यायची. लांबी कमी म्हणजे तारेवरचा दाब दाट झाला. दाट कधी होईल? तारच आखूड झाली तर. पण फळीवरची तार आखूड कशी होईल?

कपाळाचा घाम पुसायला मी हात वर केला, दुसऱ्या हातानं जॉकी नुसती टोकाला धरून टेकवली. शून्य सहाव्या तारेवर. पुन्हा तशीच. सहाव्याच. मग हात रोजच्यासारखा फळीवर टेकवला, आणि तेव्हा मला दिसलं. सैल पाटली मनगटावरून घसरून आठव्या आणि नवव्या तारेवर आडवी पडली होती. सोन्यातून प्रवाह आडवाच पार होत होता आणि तिच्यापुढचा तारेचा वळसा जणू नव्हताच. काचेच्या बांगड्यांनी हे कधी केलं नसतं.

पाटल्या वर कोपराकडं सारल्या, त्या पुन्हा खाली आल्या. पदराचं टोक गुंडाळून बघितलं, हात चालेना. मग मी दोन्ही हातांतल्या पाटल्या काढल्या आणि टेबलावर ठेवल्या. काचेच्या बांगड्या राहू दिल्या. सासूबाईंचं बोलणं आठवलं नाही असं नाही, आठवलं. पण त्या क्षणी मला ते खरंच कमी महत्त्वाचं वाटलं. आधीच्या लांब्या खोडून मी सगळं पहिल्यापासून मोजलं. डॅनियल, लेक्लांशे, पुन्हा डॅनियल. दोन्ही वेळचा डॅनियल जवळजवळ एकाच ठिकाणी आला.

परीक्षक आले. खोडलेल्या ओळींवर बोट ठेवून म्हणाले, "हे काय?"

मी सांगितलं. त्यांनी पाटली उचलली, स्वतः दोन तारांवर आडवी ठेवली, आणि शून्यावर जॉकी टेकवायला मला खुणावलं. काटा झटक्यानं पळाला. पाटली उचलली, काटा शून्यावर. त्यांनी दोनतीनदा तसं करून बघितलं, आणि तो माणूस चक्क हसला. "छान," एवढंच म्हणाले.

मार्क पडले. हवे होते त्याहून थोडे जास्तच.

निकालानंतर मुलाचे वडील मुलाला घेऊन आमच्या सोप्यात येऊन बसले. अभिनंदनाला आलेत असं वाटून आई गूळपाणी घेऊन आली. ते गुळाला शिवलेसुद्धा नाहीत. चुलतभावानं गावभर सांगितलं होतं की पोरीनं आमचं सोनं चार लोकांत काढून टेबलावर टाकलं.

"का काढल्यास?" त्यांनी मलाच विचारलं.

मी सगळं सांगितलं. तारा, दाब, आडवी पडलेली पाटली. न चिडता सांगितलं, माझ्यासारखीला ते किती अवघड गेलं ते माझं मला ठाऊक. त्यांनी मान हलवली. "ही सारी बनवाबनवी. सोन्याला कसली वीज लागती? नको झाल्या म्हणून काढल्यास, व्हय का न्हाय?"

मी मुलाकडं बघितलं. हाच प्रयोग त्यानं कॉलेजात केला होता, आता पोरांना तो वीज शिकवत होता. मी बोलले ते अक्षर न अक्षर खरं आहे, हे त्या सोप्यात फक्त त्यालाच कळत होतं. त्यानं नुसतं 'आबा, तसं हुतं' म्हणायला हवं होतं. मी वाट बघितली. आप्पाही त्याच्याकडंच बघत होते.

तो जाजमाच्या काठाचा दोरा ओढत राहिला.

प्रॅक्टिकल संपताच पुन्हा चढवलेल्या त्या पाटल्या मी उतरवल्या आणि त्याच्या वडिलांपुढं ठेवल्या. कुणी थांबवायच्या आत मी म्हटलं, "ह्या काकूंना परत द्या. मला सैल होत होत्या." आई हाय हाय करायला लागली. आप्पांनी तिला हातानं थांबवलं.

पाव्हणे गेल्यावर आप्पा बराच वेळ तंबाखू मळत बसले. मग म्हणाले, "बाई, रागाच्या भरात तर न्हाय न्हवं केलंस?"

"न्हाय आप्पा," मी म्हटलं, "रागात असते तर आधीच बोलले असते. मी तो बोलायची वाट बघत हुते."

एवढं बोलले आणि मग मात्र मला रडू आवरलं नाही.