दर मजल्याची रेघ

लॅबमध्ये तिला सगळे काडीबाई म्हणत. नाव ठेवणाऱ्याचं फारसं चुकलं नव्हतं, कारण काडी लावणं हेच तिचं काम होतं. शहराबाहेर पत्र्याची एक उंच शेड होती. तिच्यात तीन मजले उंचीची भिंत उभारायची, खाली खिडकीएवढं भोक ठेवायचं, भोकात लाकडांचा ढीग रचायचा आणि तो पेटवायचा. ज्वाळा भोकातून बाहेर येऊन भिंतीवर चढू लागल्या की काडीबाई जाड काचेआड उभी राहून भिंत किती तग धरते ते बघायची. एवढी आग रोज बघणारी बाई तापट असेल असं कुणालाही वाटावं, पण ती इतकी थंड डोक्याची होती की तिच्याशी भांडायला आलेला माणूस कंटाळून परत जाई.

ती कुणाला घाबरत असेल तर फक्त आईला. आईनं उभं आयुष्य शिवणकाम केलं. बायकांचे कपडे शिवून तिनं एकटीनं लेकीला शिकवलं, आणि अजूनही तिच्या चौदा मजली इमारतीतली निम्मी माणसं उंचीला कमी-जास्त करायला कपडे घेऊन नवव्या मजल्यावर तिच्याकडेच येत. आईची एक खोड होती. रेघ वाकडी दिसली की तिला अन्न गोड लागत नसे. कुणाच्या घरी पडद्याची दुमड तिरकी दिसली तर ती चहा तसाच ठेवून दुमड न्याहाळत बसे. अशी बाई इमारतीच्या कमिटीची अध्यक्ष झाली, तेव्हा जिने आरशासारखे झाले आणि माणसं जरा दबून वागू लागली.

इमारत मात्र गारठ्याची खाण होती. हिवाळ्यात भिंतींना आतून घाम फुटे, कपाटामागे बुरशी चढे आणि आईच्या बोटांना सुई धरवत नसे. शेवटी कमिटीनं ठरवलं की सगळ्या इमारतीला बाहेरून कोट चढवायचा. पांढऱ्या दाणेदार फोमच्या लाद्या भिंतीला चिकटवायच्या, वर जाळी, जाळीवर प्लास्टर. आईनं लेकीला विचारलं तेव्हा लेक म्हणाली होती की हीच भिंत माझ्या शेडमध्ये पास झालेली आहे, खुशाल करा. फक्त तशीच्या तशी करा. प्रत्येक मजल्यावर खिडक्यांच्या वर दगडी लोकरीची, म्हणजे दगड वितळवून काढलेल्या तंतूंची, आडवी पट्टी हवी आणि फोमची कड कुठेही उघडी राहता कामा नये. आई हो हो म्हणाली. आया हो हो म्हणतात तेव्हा त्यांनी किती ऐकलेलं असतं, ते सांगायची गरज नाही.

मागच्या बाजूचं काम झालं, मग आईच्या, म्हणजे पुढच्या, बाजूचं. एका रविवारी काडीबाई घरी आली तेव्हा आईनं तिचा हात धरून भिंतीवर ठेवला. भिंत कोमट होती. आईनं अंगातला स्वेटर काढून खुर्चीवर टाकलेला होता, आणि तो कित्येक हिवाळ्यांत पहिल्यांदाच असा खुर्चीवर पडलेला पाहून लेकीला खरंच भरून आलं.

मग ती बाल्कनीत गेली. परांची अजून उतरवलेली नव्हती आणि जिन्याच्या कोपऱ्याकडचा थोडा भाग प्लास्टरविना होता. शेजारच्या खिडकीच्या वर तिला मातकट रंगाची पट्टी दिसायला हवी होती. तिथे पांढरंच होतं. वरच्या मजल्यावर पांढरं, त्याच्या वर पांढरं, थेट गच्चीपर्यंत.

दुसऱ्या दिवशी तिनं ठेकेदाराला परांचीवरच गाठलं. माणूस सरळ होता, हातचं राखून काम करणारा नव्हता. त्यानं डोक्याला हात लावला नाही की हातही झटकले नाहीत, नुसता गोंधळला. फोम तोच, प्लास्टर तेच, कागदावरची आगीची श्रेणी तीच, मग बिघडलं काय, असं त्याचं म्हणणं. पट्ट्या मागच्या बाजूला त्यानं घातल्या होत्या. पण पहाटे दव पडलं की लोकरीवरचं प्लास्टर फोमवरच्यापेक्षा वेगळ्या वेगानं वाळतं आणि दर मजल्याला एक फिकट रेघ उमटते. त्याबद्दल तक्रार आली. पुढच्या बाजूला रेघा नकोत, असा निरोप आला.

"कुणाचा निरोप?" तिनं विचारलं.

ठेकेदार परांचीच्या नळीकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, तुमच्या आईंचाच."

खरं तर तिला हे विचारायच्या आधीच कळायला हवं होतं. अख्ख्या इमारतीत भिंतीवरची फिकट रेघ बघून झोप उडणारं माणूस एकच होतं.

त्या संध्याकाळी ती आईकडे गेली, पण निरोपाचं तिनं काही काढलं नाही. फक्त पट्ट्या नाहीत एवढंच सांगितलं. आई मशीनवर बसून कुणाच्या तरी कोटाला अस्तर लावत होती. पाय न थांबवता तिनं विचारलं की माल तर चांगल्या श्रेणीचा आहे ना, ठेकेदारानं 'बी' दाखवलं होतं. फोमला लायटर लावूनही दाखवला होता. फोम आक्रसला आणि विझला.

काडीबाईनं खुर्ची मशीनजवळ ओढली. हे ती साहेबलोकांना शंभरदा समजावत आली होती, आईला समजावणं अवघड होतं. ती म्हणाली की लायटरपुढे तो विझतोच, कारण त्यात औषध घातलेलं असतं आणि ज्योत लहान असते, फोम तिच्यापासून आक्रसून दूर होतो. पण खिडकीतून बाहेर पडलेली खोलीभर आग लहान नसते. तिच्यापुढे फोम वितळतो, गळतो, गळलेला पेट घेतो आणि प्लास्टरमागे पोकळी तयार होते. प्लास्टर आहे तोवर ज्योत आत शिरत नाही, पण मागचा आधार गेला की प्लास्टर फाटतं आणि आग पोकळीतून वरच्या मजल्याकडे धाव घेते. लोकरीची पट्टी जळत नाही, वितळत नाही. ती प्लास्टरला धरून ठेवते आणि आगीची वाट अडवते. नुसत्या फोमची श्रेणी 'ई', म्हणजे तळापासून दुसरी. 'बी' मिळालं ते प्लास्टरसकट. आणि एवढ्या उंच इमारतीला ते अक्षरही पुरत नाही, म्हणून तर अख्खी भिंत पेटवून बघायची.

"आई, अक्षर कापडाचं नसतं," ती म्हणाली. "कपड्याचं असतं. अस्तर, दुमड, टाके, सगळं धरून. त्यातलं एक काढलंस की तो कपडा वेगळा झाला. तो मी तपासलेलाच नाही."

मशीन थांबलं. आईनं कोटाची कड बोटांत धरली आणि आतबाहेर उलटून बघितली, जणू ती पहिल्यांदाच बघत होती. तिला समजलं होतं, अगदी शेवटच्या टाक्यापर्यंत समजलं होतं. तिनं मशीनवर झाकण घातलं आणि पानं घेतली. निरोपाचा विषय तसाच राहिला. दोघी जेवल्या, आणि भिंत मात्र छान ऊब देत राहिली.

पट्ट्यांच्या प्रश्नावर इमारतीची सभा तळमजल्याच्या हॉलमध्ये भरली. पहिली बाजू मांडली काडीबाईनं, आणि तिचं बोलणं संपायच्या आतच हॉल तापला. कोट उघडा करून पुन्हा चढवायचा म्हणजे ऐन थंडीत भिंती सोलायच्या. तिसऱ्या मजल्यावरचे निवृत्त गणितमास्तर उठले. आजवर या इमारतीत चूल सोडून काही पेटलेलं नाही, ते म्हणाले, आणि ज्यांचा धंदाच काडी लावायचा त्यांनी इथे येऊन काड्या घालू नयेत. लोक हसले. काडीबाईही थोडी हसली, कारण विनोद वाईट नव्हता. मग मास्तरांनी ठेकेदाराकडे मोर्चा वळवला. पट्ट्या नकाशात होत्या तर गेल्या कुठे? कुणाच्या हुकुमानं?

ठेकेदारानं काडीबाईकडे पाहिलं. तिनं आईकडे पाहिलं नाही. ती टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासकडे बघत बसली. आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखादी भिंत पास व्हावी की नापास, हे ठरवता येईना. खरं सांगावं तर आई सगळ्यांदेखत तोंडघशी पडणार, नाही सांगावं तर एका सरळ माणसाच्या डोक्यावर खापर फुटणार.

"कमिटीनं सांगितलं होतं," ठेकेदार पुटपुटला.

"कमिटीनं नाही," अध्यक्षांच्या खुर्चीतून आवाज आला. "मी सांगितलं."

आई उभी राहिली होती. उभं राहताना ती नेहमी पदर नाहीतर बाही नीट करते, आज तिनं काहीच नीट केलं नाही.

"मला मागच्या भिंतीवर रेघा दिसल्या. मला त्या आवडल्या नाहीत. कमिटीला विचारलं नाही, लेकीला विचारलं नाही. पट्ट्या नकाशात आहेत असं त्यांनी एकदा सांगून पाहिलं, तर मीच त्यांना गप्प केलं." तिनं ठेकेदाराकडे हात केला. मग शिवणाऱ्या बाईला जो शब्द सगळ्यात नकोसा असतो तो तिनं उच्चारला. "उसवा. माझ्या खिडकीपासून सुरू करा."

हॉलमध्ये कुणी हसलं नाही. गणितमास्तरांनी घसा खाकरला, चष्मा पुसला आणि काम किती दिवसांत आटपेल तेवढं विचारून खाली बसले.

उसवण्याचं काम सर्वांत थंड दिवसांत चाललं. दर मजल्यावर खिडक्यांच्या वर प्लास्टर कापून फोमची आडवी पट्टी काढली. तिथे लोकर चिकटवून खिळे ठोकले, जुन्या जाळीवर नवी जाळी चढवली, पुन्हा प्लास्टर केलं. खिडक्यांच्या कडाही तपासून झाल्या. नववा मजला पहिला उघडला आणि प्लास्टर गारठ्यात वाळत नाही म्हणून बरेच दिवस तसाच झाकून ठेवावा लागला. आई दोन स्वेटर घालून मशीनवर बसे. बोटं आखडली की ती चहाच्या कपाभोवती धरी, आणि लेकीनं माझ्याकडे चल म्हटलं की ऐकूच न आल्यासारखं करी. काडीबाई मग संध्याकाळी तिथेच यायला लागली. दोघी एकाच पांघरुणाखाली बसत. बोलणं फारसं होत नसे, पण त्या हिवाळ्यात दोघींना एकमेकींची जेवढी सोबत झाली तेवढी मधल्या कैक वर्षांत झाली नव्हती.

परांची उतरली तेव्हा थंडीही उतरणीला लागली होती. एका सकाळी आईनं लेकीला रस्त्यापलीकडे नेलं. दव पडून गेलं होतं, आणि समोरच्या भिंतीवर दर मजल्याला एक फिकट आडवी रेघ स्पष्ट उमटलेली होती. जाणारे येणारे मान वर करून बघत होते. आई एक डोळा बारीक करून खालपासून वरपर्यंत गेली, आणि तिच्या कपाळावर ती ओळखीची आठी आली.

"नवव्या मजल्याची रेघ वाकडी आहे," आई म्हणाली.

"माहीत आहे. पहिलीच होती ना, हात बसला नव्हता त्यांचा. सांगू का त्यांना?"

आईनं पुन्हा एकदा त्या रेघेवरून नजर फिरवली. मग तिनं लेकीच्या हातात हात घातला आणि रस्ता ओलांडायला निघाली.

"राहू दे," ती म्हणाली. "ती माझी आहे."